केसपेपरवरची एक ओळ आणि माझी मूळव्याध

गुहागर तालुक्यातल्या शृंगारतळीच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. लोकांचे सातबारे, आधार कार्डं, दाखले आणि दवाखान्याच्या फायली दिवसभर माझ्या काचेवर उलट्या पडतात. त्यामुळे कागद म्हणजे काय हे आपल्याला कळतं, असा माझा समज होता. २०२४ च्या पावसाळ्यात, मूळव्याधीच्या ऑपरेशनचा विमा दावा करताना, तो उतरला.

दुखणं सांगायला अवघड जागेचं. जानेवारीपासून संडासला रक्त पडायला लागलं. मी आठ तास स्टुलावर बसणारा माणूस, त्यात बद्धकोष्ठ जुनं, म्हणून दुर्लक्ष केलं. शिमग्यात पालखी नाचवली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात बसवेना. मे महिन्यात मोड बाहेर यायला लागला. तो आधी आपोआप आत जायचा, पुढे बोटाने ढकलावा लागायला लागला. बायको म्हणाली, "आता तुम्ही डॉक्टरकडे जाणार की मी गाडी काढू?" ६ जूनला मार्गताम्हाने मार्गे चिपळूणला गेलो. त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्या दिवशी मला स्वतंत्रपणे कळला.

सर्जन मोकळे, मोजकं बोलणारे. प्रॉक्टोस्कोपी केली आणि ग्रेड तीनचे आतले-बाहेरचे मोड आहेत, ऑपरेशन लागेल असं सांगितलं. वय अठ्ठेचाळीस आणि रक्त पडतंय, तेव्हा वर आतड्यात दुसरं काही नाही ना हे बघायला कोलोनोस्कोपीही सांगितली. ती ८ जूनला झाली, स्वच्छ आली, ६,५०० रुपये गेले. लेझरचं विचारलं तर म्हणाले, "बाहेरचा भाग मोठा आहे, तुमच्याला कापून काढणंच बरं. मणक्यात भूल देऊ. सकाळी या, संध्याकाळी घरी जा."

तपासताना त्यांनी विचारलं, "किती दिवस त्रास आहे?" मी आपलं कोकणी उत्तर दिलं, "अहो, बद्धकोष्ठ वगैरे धरून तीन वर्षं सहज." त्यांनी केसपेपरवर एका ओळीत लिहिलं : बद्धकोष्ठ, रक्तस्राव, तीन वर्षं. इंग्रजीत, डॉक्टरी अक्षरात. मी तो कागद घडी करून खिशात घातला. पुढचे तीन महिने त्या ओळीने माझा पाठलाग केला.

घरी येऊन आरोग्य विम्याची जुनी पॉलिसी वाचायला काढली. पाच लाखांची फॅमिली फ्लोटर, ११ जुलै २०२२ ला सुरू झालेली, दोन्ही वर्षं वेळेवर रिन्यू केलेली. घेताना एजंटकाकांनी "डे-केअर सगळं कव्हर आहे" असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. पॉलिसीत प्रतीक्षा कालावधी तीन प्रकारचे होते. पहिले तीस दिवस अपघात सोडून काहीच नाही. आधीपासूनच्या आजाराला वेगळी मुदत, तिथे Excl01 असा कोड छापलेला. आणि तिसरा Excl02 : ठरावीक आजारांची यादी, ज्यांच्या उपचाराचा खर्च पॉलिसी सुरू झाल्यापासून सलग २४ महिने पुरे होईपर्यंत मिळणार नाही. यादीत मोतीबिंदू, हर्निया, हायड्रोसील, मूतखडा, व्हेरिकोज व्हेन्स, आणि एका ओळीत मूळव्याध, फिशर, भगंदर. हे माझ्याच कंपनीचं नव्हतं. आरोग्य संजीवनी ही जी प्रमाणित पॉलिसी सगळ्या कंपन्या विकतात, तिच्या यादीतही मूळव्याधीला २४ महिनेच आहेत.

माझे २४ महिने १० जुलैच्या रात्री संपत होते. डॉक्टर म्हणाले होते, "जूनअखेर करून टाकू." मी बोटांवर मोजलं, दोन आठवड्यांसाठी सगळा खर्च खिशातून जाणार होता.

इथे दोन शंका डोक्यात घोळत होत्या. पहिली, आजाराचं निदान तर जूनमध्येच, म्हणजे मुदतीच्या आत झालंय. मग नंतर ऑपरेशन केलं तरी कंपनी "मुदतीत उद्भवलेला आजार" म्हणून कायमचा नाकारणार का? एजंटकाकांना माहीत नव्हतं, ते म्हणाले, "नवीन केसपेपर काढा ना जुलैचा." मी मात्र शब्द पुन्हा वाचले. तिथे आजार कधी सुरू झाला याबद्दल काही नाही, मुदत संपेपर्यंत उपचाराचा खर्च वगळला आहे, एवढंच आहे. म्हणजे निदान आधी झालं तरी चालतं, खर्च नंतरचा हवा. जुना कागद लपवायची गरजच नव्हती, आणि तो लपवला असता तर पुढे दाखवायला काही उरलं नसतं.

दुसरी शंका डॉक्टरांना विचारायची होती, की थांबलो तर चालेल का. ते म्हणाले, "रक्त फार गेलं, मोड अडकून काळा-निळा पडला, असह्य दुखायला लागलं तर कॅलेंडर बघत बसू नका, तसेच या. नाहीतर पाच आठवड्यांनी फरक पडत नाही." मोड अडकून रक्तपुरवठा बंद पडला तर ते तातडीचं होतं, आणि तरीही २४ महिन्यांची अट सुटत नाही, अटीतून सूट आहे ती अपघाताला. हे ऐकून मी इसबगोल, भरपूर पाणी आणि कुळथाच्या पिठीवर पाच आठवडे काढले. तिखट आमटी बंद. बाजारात लोक विचारायचे, "काय बरं नाय काय?" मी सांगायचो, "पाठ धरलीय."

एक भुर्दंड मात्र आधी लक्षात आला नाही. ऑपरेशनच्या आधीच्या ३० दिवसांतला संबंधित खर्च पॉलिसी देते. माझं ऑपरेशन १६ जुलैला ठरलं, म्हणजे ही खिडकी १६ जूनपासून उघडते. कोलोनोस्कोपी ८ जूनची. ती तीस दिवसांच्या बाहेर गेली, शिवाय २४ महिन्यांच्या आतली, म्हणजे दोन्हीकडून बाद. काही पॉलिसींत ही खिडकी ६० दिवसांची असते, तरी दुसऱ्या कारणाने माझे पैसे गेलेच असते. रक्ताच्या तपासण्या आणि ईसीजी मात्र मी मुद्दाम १३ जुलैला केले.

दवाखाना बारा खाटांचा. हे सांगायचं कारण असं की पॉलिसीत "हॉस्पिटल" म्हणजे काय याची व्याख्या असते. हॉस्पिटल कायद्याखाली नोंदलेलं असावं, नाहीतर दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान दहा खाटा, चोवीस तास परिचारिका आणि डॉक्टर, स्वतःचं ऑपरेशन थिएटर आणि रोजच्या नोंदी असाव्यात. आपल्याकडे गुहागर, दापोली, राजापूर भागात सहा-आठ खाटांची कितीतरी नर्सिंग होम आहेत. तिथे नोंदणीचा दाखला, म्हणजे फॉर्म सी, मुदतीत आहे ना, एवढं बघावं लागतं. आमच्या डॉक्टरांकडे तो केबिनबाहेर फ्रेम करून लावलेला होता. मी मोबाइलवर फोटो काढला. रिसेप्शनवरची पोरगी म्हणाली, "काका, हा कशाला?"

"पुढे लागतो," मी म्हटलं. तेव्हा मला तसं वाटत होतं, एवढंच.

दवाखाना कंपनीच्या यादीत होता, म्हणून कॅशलेसचा अर्ज १३ जुलैला, शनिवारी गेला. सोमवारी सकाळी टीपीएचा, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेचा, प्रश्न आला : आजाराचा नेमका कालावधी, पूर्वेतिहास आणि पहिला केसपेपर पाठवा. दवाखान्यातल्या विम्याच्या टेबलावरच्या मुलाने उत्तर म्हणून तोच ६ जूनचा केसपेपर, तीन वर्षंवाला, स्कॅन करून पुन्हा पाठवला. सोबत एक ओळही लिहिली नाही. दुपारी चारला नकार आला. कारण असं की आजाराचा कालावधी पॉलिसीच्या आधीचा दिसतो, पडताळणी आवश्यक, हवं तर खर्च करून प्रतिपूर्तीसाठी दावा करा.

बायकोचं तोंड उतरलं. मी तिला तेच सांगितलं जे त्या नकाराच्या शेवटच्या ओळीत होतं. कॅशलेस नाकारलं म्हणजे दावा नाकारला असं नाही. कंपनी आत्ता हमी द्यायला तयार नाही, पैसे आपण भरायचे आणि मग मागायचे. विमा नियामकाचं २९ मे २०२४ चं परिपत्रक आहे, त्यानुसार कॅशलेसच्या अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा. कंपन्यांना त्याची व्यवस्था करायला ३१ जुलैपर्यंत मुदत होती. आमची गाडी त्या आधीच स्टेशनात आली होती. भिशीतले आणि दुकानाच्या कागदाचे पैसे एकत्र केले.

ऑपरेशनचं थोडक्यात सांगतो. १६ जुलै, आषाढीचा आदला दिवस. सकाळी सातला दाखल, साडेनऊला आत, कमरेत सुई, पाय आपले नाहीत असं वाटणं, वर एक गोल दिवा आणि डॉक्टरांच्या गप्पा, बहुतेक हायवेच्या. संध्याकाळी साडेसहाला सुट्टी. दुसऱ्या दिवशी घरात साबुदाण्याची खिचडी होती. मी हात पुढे केला तर बायकोने ताट ओढून घेतलं, "तुम्हाला मऊ उकड्याची पेज." पहिल्या संडासबद्दल मी काही लिहिणार नाही.

पण साडेसहाला सुट्टी घेताना, अंगात भुलीचा जडपणा असताना, मी डिस्चार्ज कार्ड वाचत बसलो. झेरॉक्सवाल्याची खोड. त्यावर दाखल आणि सुट्टीची तारीख १६ जुलै होती, पण वेळा नव्हत्या. भुलीचा प्रकार लिहिलेला नव्हता. ऑपरेशनचं नाव नुसतं "पाइल्स प्रोसिजर". दिसायला किरकोळ, पण डे-केअरचा दावा नेमका यावरच उभा राहतो. व्याख्या अशी आहे की २४ तासांपेक्षा कमी वेळेत, भूल देऊन, केलेला उपचार, जो तंत्र पुढे गेल्यामुळे आता एका दिवसात होतो, नाहीतर त्याला २४ तासांहून जास्त राहावं लागलं असतं. आणि लगेच पुढे : जो उपचार एरवी ओपीडीत होतो तो यात येत नाही. मोडाला रबर बँड लावणं, इंजेक्शन देणं हे बहुतेक वेळा ओपीडीतच होतं. त्याची पावती घेऊन डे-केअरचा दावा केला तर तिथेच अडकतो. माझ्या कार्डावर भूल नाही आणि वेळ नाही, म्हणजे तो वाचणाऱ्याला ओपीडीतलाच प्रकार वाटला असता.

मी व्हीलचेअरवरून सिस्टरला म्हटलं, "ताई, हे डॉक्टरांकडून भरून आणा ना." ती वैतागली. डॉक्टर मात्र हसले आणि स्वतः लिहून दिलं : सकाळी ७.०० दाखल, सायंकाळी ६.३० सुट्टी, स्पायनल भूल, हेमोरॉइडेक्टॉमी, ग्रेड तीन. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक.

बिल ५१,०४० रुपयांचं. सर्जन २२,०००, भूलतज्ज्ञ ६,५००, ऑपरेशन थिएटर ८,०००, खाट आणि नर्सिंग २,२००, औषधं-साहित्य ९,३४०, काढलेल्या भागाची तपासणी १,२५०, ओटी किट १,४५०, फाइल चार्ज ३००. मी एकरकमी बिल घेतलं नाही, असं तोडून घेतलं, आणि औषधांची बिलं वेगळी, प्रत्येकाला डॉक्टरांची चिठ्ठी जुळवून. कार्ड मशीनच्या पावत्या उष्णतेने अक्षर उमटणाऱ्या कागदावर असतात, काही महिन्यांत पुसट होतात. त्यांच्या झेरॉक्स त्याच रात्री काढल्या.

फाइल लागायला आठवडा गेला. दाव्याच्या फॉर्मचा भाग अ मी भरला, भाग ब दवाखान्याने. हा भाग ब म्हणजे सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद. त्यावर दवाखान्याचा शिक्का आणि डॉक्टरांची सही दोन्ही लागतात आणि डॉक्टर सापडतात ते ऑपरेशनच्या मधल्या वेळेत. सोबत डिस्चार्ज कार्ड, ओटी नोट्स, भुलीचा कागद, दाखल असतानाच्या नोंदी, तपासणीचे अहवाल, मूळ बिलं-पावत्या, पहिला केसपेपर, रद्द केलेला चेक. फॉर्म सीचा फोटोही छापून लावला. २४ जुलैला चिपळूणहून स्पीड पोस्टने पाठवलं आणि सगळ्याचा एक संच दुकानातल्या कपाटात ठेवला. आमच्या पॉलिसीत सुट्टीपासून ३० दिवसांत कागद पोचायला हवे होते.

पहिला केसपेपर लावू नको, असं मला तीन जणांनी सांगितलं. त्यात दवाखान्यातला तो मुलगाही होता, तो म्हणाला, "काका, डॉक्टरांकडून नवा घेऊ, तीन महिने लिहून." आणखी एक म्हणाला, व्हाइटनर लाव. कॅशलेसच्या वेळी तोच कागद दोनदा कंपनीकडे गेलेला, आणि आता वेगळा पाठवायचा? खोट्या कागदावर दावा पकडला तर तो तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. ते सोडाच, ती ओळ खोटी नव्हती. ती अपुरी होती.

५ ऑगस्टला प्रश्न आला : आजाराचा कालावधी स्पष्ट करा. मी डॉक्टरांकडे गेलो. ते आधी चिडले, "मी काय लिहिलं ते तुम्ही सांगितलं म्हणूनच ना!" बरोबरच होतं. मग दोघांनी शांतपणे बसून पुन्हा इतिहास लावला. बद्धकोष्ठ साधारण तीन वर्षं, त्यासाठी कधी डॉक्टरकडे गेलो नाही, घरचं एरंडेल आणि काळ्या मनुका. रक्त जानेवारी २०२४ पासून. मोड मे २०२४ पासून. मूळव्याधीचं निदान पहिल्यांदा ६ जून २०२४ ला, प्रॉक्टोस्कोपी करून. त्यांनी लेटरहेडवर हेच लिहून दिलं आणि खाली जोडलं की ६ जूनच्या नोंदीतली "तीन वर्षं" ही बद्धकोष्ठाबद्दल होती. मूळ केसपेपरवर एक टिंबही बदलला नाही.

ते पाठवलं. १६ ऑगस्टला दावा नामंजूर झाल्याचा ईमेल आला. पॉलिसी घेण्याआधीपासूनचा आजार, Excl01. मला वाईट वाटलं त्यापेक्षा राग जास्त आला. पण पॉलिसीच्या पुस्तिकेत शेवटी व्याख्यांची पानं असतात, जी कोणी वाचत नाही. तिथे "आधीपासूनचा आजार" म्हणजे काय ते लिहिलेलं होतं. पॉलिसी सुरू होण्याच्या आधीच्या ठरावीक महिन्यांत ज्याचं डॉक्टरने निदान केलं होतं, किंवा ज्यासाठी डॉक्टरने सल्ला किंवा उपचार सांगितला होता वा दिला होता, असा आजार. जुन्या पॉलिसींत हा काळ ४८ महिने असायचा, २०२४ च्या नियमांनी तो ३६ केला. वाक्यात डॉक्टर हा शब्द आहे. नुसता त्रास असणं, रक्त दिसणं, कोणीतरी तीन वर्षं म्हणणं, यात बसत नाही. मला तर रक्तही पॉलिसीनंतर दीड वर्षाने दिसलं होतं.

कंपनीला म्हणायला एकच रस्ता उरत होता, तो म्हणजे मी अर्ज भरताना काही दडवलं. म्हणून मी २०२२ चा प्रस्ताव अर्ज काढला. आजारांच्या प्रश्नांत "मूळव्याध" होती, त्याला मी "नाही" लिहिलं होतं, आणि तेव्हा ते खरंच नाही होतं. बद्धकोष्ठाचा प्रश्न अर्जात नव्हता. हे तपासून घेणं मला महत्त्वाचं वाटलं, कारण सलग ६० महिने पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय कंपनी दडवल्याच्या नावाखाली नाकारू शकत नाही, पण माझी पॉलिसी फक्त दोन वर्षांची होती. माझा अर्ज खरा होता म्हणून मी ताठ उभा राहू शकलो. तसं नसतं तर पुढचं पत्र लिहायची हिंमत झाली नसती.

१९ ऑगस्टला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. लांबलचक नव्हता. त्यात चार गोष्टी होत्या. पॉलिसी ११ जुलै २०२२ ची, २४ महिने १० जुलै २०२४ ला पुरे, ऑपरेशन १६ जुलैचं, म्हणून Excl02 लागू नाही. तुमच्याच व्याख्येप्रमाणे आधीपासूनचा आजार ठरायला डॉक्टरचं निदान किंवा उपचार लागतो. तुमच्याकडे ११ जुलै २०२२ आधीचा असा एकही कागद असेल तर मला पाठवा. डॉक्टरांचं स्पष्टीकरण सोबत आहे. आणि दावा पूर्ण नाकारण्याआधी तो तुमच्या दावा पुनरावलोकन समितीसमोर जायला हवा, असं त्याच २९ मेच्या परिपत्रकात आहे. त्या समितीच्या निर्णयाची नोंद द्या. तीच तक्रार नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही टाकली, म्हणजे नंबर मिळतो.

एजंटकाका म्हणाले, "कशाला एवढं? आता ओम्बड्समनकडे जायचं तर वकील लागेल." लागत नाही. विमा लोकपालाकडे फी नाही, वकील नाही. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिन्यात उत्तरच दिलं नाही, तर त्यानंतर वर्षभरात जाता येतं. रत्नागिरी जिल्हा पुण्याच्या कार्यालयाखाली येतो, हेही मी शोधून ठेवलं होतं. पुण्याला जायची वेळ आली नाही.

गणपती आले, ७ सप्टेंबर. यंदा पाटावर मांडी घालून पूजा करता येते की नाही ही माझी खरी धास्ती होती. उशी ठेवून बसलो. १० तारखेला गौरी आवाहनाच्या गडबडीत, हातात तेरड्याची रोपं घेऊन अंगणात उभा असताना फोन वाजला. दावा मंजूर. रक्कम ५०,१८४.

हा आकडा कसा आला ते दुसऱ्या दिवशी पत्रकात बघितलं. बिल ५१,०४०. त्यातून ओटी किटचे १,४५० कापले, कारण "तपशील नसलेलं किट" हे न देण्याच्या वस्तूंच्या यादीत नाव घेऊन आहे. फाइल चार्ज ३०० कापला, तो खोलीच्या भाड्यात धरतात. औषधांतले हातमोजे, मास्क, ईसीजीचे इलेक्ट्रोड, डायपर असे १,१२६ कापले. राहिले ४८,१६४. त्यात १३ जुलैच्या तपासण्या आणि तपासणी फी मिळून २,०२० जमा. या कापण्याबद्दल मी भांडलो नाही. ही यादी नियामकाचीच आहे आणि सगळ्या कंपन्यांना सारखी आहे. ज्यांनी जादा हप्ता भरून या वस्तूंचं कव्हर घेतलेलं असतं त्यांना ते मिळतात. किटवर मात्र एक प्रयत्न केला. दवाखान्याकडून किटमध्ये काय काय होतं ते लिहून मागितलं. त्यात मणक्याची सुई आणि एक कॅथेटर होता, त्या दोघांचे ६२० रुपये महिन्याभराने आले.

माझ्या मेहुण्याची पॉलिसी बघितली तेव्हा कळलं की मी तसा सुदैवी. त्याच्या पॉलिसीत काही ऑपरेशनांना वेगळी कमाल मर्यादा छापलेली आहे, आणि वर प्रत्येक दाव्यात ठरावीक टक्के स्वतः भरायचे. आरोग्य संजीवनीत हा हिस्सा पाच टक्के आहे. माझ्या बिलावर तो अडीच हजार झाला असता. त्याने गेल्या वर्षी विमा रक्कम तीनवरून पाच लाख केली होती. वाढीव दोन लाखांसाठी सगळ्या मुदती नव्याने सुरू होतात हे त्याला मीच सांगितलं. मूळव्याधीला तीन लाख पुरून उरतात म्हणून तो निवांत आहे.

शेवटचा दावा उरला होता, सुट्टीनंतरच्या ६० दिवसांचा. ती मुदत १४ सप्टेंबरला संपली आणि त्यानंतर १५ दिवसांत कागद द्यायचे होते. फेरतपासणी, मलम, जुलाबाचं पातळ औषध, सगळ्यांच्या चिठ्ठ्या होत्या, २,३१० रुपये. कोमट पाण्यात बसायचं प्लास्टिकचं टब मी १८० रुपयांना आमच्याच बाजारातून घेतलं होतं. तेही लावून बघितलं, आलं नाही. दुकानातल्या कोऱ्या पावतीवर लिहून आणलेलं आणि वर चिठ्ठीही नाही, येणार कसं. १,९४० आले. कोलोनोस्कोपीचे साडेसहा हजार फाइलच्या शेवटच्या पानावर तसेच आहेत.